वीस टक्क्यांच्या आत

परदेशी देणगीच्या 1976 च्या कायद्याला चिंता होती ती पैसा कुठून येतो याची. 2010 च्या कायद्याने पहिल्यांदा विचारले, आलेल्या पैशातला किती भाग कचेरीवर जातो? उत्तर होते, पन्नास टक्क्यांपर्यंत. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने ते वीसवर आणले. पन्नास असताना प्रशासन म्हणजे नेमके काय, यावर फारसे कोणी भांडत नव्हते. वीस झाल्यावर 2011 च्या नियमांतली व्याख्या ओळ न् ओळ वाचणे भाग पडले.

त्या व्याख्येत कचेरीचे भाडे, वीज, फोन, हिशेबनीस, गाडीचा खर्च, अहवाललेखन, वकील-सल्लागारांची फी हे सारे प्रशासनात येते. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार मात्र येत नाही.

समजा, भडगावातल्या एका संस्थेला गिरणाकाठच्या वस्त्यांवरील मुलांच्या शाळेसाठी 12 लाख मिळाले. हिशेबनीस 1 लाख 20 हजार, भाडे 60 हजार, गाडी 50 हजार, अहवाल 40 हजार, ऑडिट 30 हजार. बेरीज 3 लाख, म्हणजे पंचवीस टक्के. मर्यादा 2 लाख 40 हजारांची, म्हणून 60 हजार जास्त झाले.

इथे मोह होतो हिशेबनिसाला ‘शिक्षण समन्वयक’ करण्याचा. नेमणूकपत्रात एक काम, व्हाउचरवर दुसरे आणि हजेरीपटात तिसरे, असे झाले की लेखापरीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. माझ्या मते तो देणगीदाराला दिलेल्या शब्दाचाही भंग आहे. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे काम लाजिरवाणे नाही; ते लपवले की देणगीदाराला त्याची खरी किंमत कधीच कळत नाही. सरळ मार्ग असा, की 60 हजारांचे भाडे स्थानिक देणगीतून द्यायचे. कारण ही मर्यादा फक्त परदेशी पैशाला आहे, संस्थेच्या एकूण खर्चाला नाही.

कंपन्यांच्या सीएसआरमधली पाच टक्क्यांची मर्यादा वेगळी. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. तरी करार करताना ती संस्थेवर लादली जाते, आणि संस्थाही मुकाट्याने सही करते.

खरी अडचण तारखेची. परदेशी देणगीच्या कायद्याचे शब्द ‘त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या’ देणगीचे आहेत. दोन वर्षांच्या कामाचे सगळे 12 लाख मार्चमध्ये आले आणि पुढच्या वर्षी काहीच आले नाही, तर दुसऱ्या वर्षीचे भाडे आणि पगार कोणत्या रकमेच्या वीस टक्क्यांत बसवायचे? म्हणून हप्ते दोन्ही वर्षांत विभागून मागावेत. जास्त खर्च अटळच असेल, तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पण ती खर्चाच्या आधी घ्यायची असते, ऑडिटच्या वेळी नव्हे.