तीन मिनिटांची रजा

‘सर, तसदीबद्दल माफी असावी. तब्येतीच्या कारणामुळे मला अधूनमधून पाच मिनिटं बाजूला जावं लागेल. कृपया समजून घ्याल ही विनंती. कामावर परिणाम होऊ देणार नाही.’

हा मेसेज माझ्या मावसबहिणीनं मला पाठवला होता, सरांना पाठवण्याआधी एकदा बघ म्हणून. ती बोर्ली पंचतनमध्ये एका पतसंस्थेच्या शाखेत काउंटरवर बसते आणि दिवेआगरहून स्कूटीवर येते. सोळाव्या वर्षापासून तिला टाइप १ डायबिटीस आहे. (तिला विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) चार ओळींत एक माफी, एक विनंती आणि एक हमी; नेमकं काय हवंय ते मात्र कुठेच नाही. मी दिवसभर पुण्यात बसून कोड लिहितो, मेसेज लिहिण्यातला तज्ज्ञ नाही. पण तिला माफी का मागावीशी वाटली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आधी ती मागत काय होती ते बघू. बोट धुवायचं, कोरडं करायचं, बोटाच्या कडेला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. मीटर पाचेक सेकंदांत आकडा दाखवतो. सगळं मिळून तीन मिनिटं. दिवसातून तीनदा: जेवणाआधी, चारच्या सुमारास आणि घरी निघताना, कारण साखर उतरलेली असताना स्कूटी चालवणं धोक्याचं. शिवाय हात थरथरले, दरदरून घाम आला, उगाच चिडचिड झाली, की लगेच.

याच शाखेतले दोन सहकारी दिवसातून तीन-चारदा टपरीवर चहाला जातात. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि त्यासाठी कुणी कुणाला मेसेज करत नाही. ते चुकतात असं मला म्हणायचं नाही. माणसाला चहा लागतो. पण जी गरज सगळ्यांची असते ती ऑफिसच्या वेळेत आपोआप मुरते, आणि जी एकाच माणसाची असते तिला ‘सवलत’ म्हणतात. मिनिटं मोजली तर सवलत टपरीवालेच जास्त घेतात.

मग साधा सल्ला येतो: बाथरूममध्ये जाऊन कर की! तिनं ते वर्षभर केलं. तिथे मीटर ठेवायला सपाट जागा नाही, उजेड कमी, आणि ओल. पट्ट्यांना ओल चालत नाही. श्रावणात कोकणात पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर आकड्यावरचा भरवसाच जातो. काउंटरवर करायचं तर दिवसभर हातात नोटा, समोर खातेदार. हात न धुता, त्यातही आंबा सोललेल्या बोटानं तपासलं, तर बोटावरचीच साखर मीटर मोजतो आणि आकडा खोटा चढतो. त्यावर विश्वास ठेवून जास्तीचं इन्सुलिन घेतलं, तर ठीक असलेली साखर खाली घसरते. म्हणजे ‘खासगी जागा’ ही लाजेखातर मागितलेली गोष्ट नाही. एक टेबल, दिवा, जवळ नळ आणि वापरलेल्या सुया टाकायला एक जाड प्लास्टिकचा डबा, इतकंच.

लाज मात्र आहेच, आणि ती तिची एकटीची नाही. बोर्लीत काउंटरपलीकडचा माणूस कुणाचा तरी काका असतो. सकाळी बोट टोचताना पाहिलेली मुलगी संध्याकाळी दिवेआगरात ‘बिचारी’ झालेली असते, आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. म्हणून तिनं ‘तब्येतीच्या कारणामुळे’ लिहिलं होतं.

मला वाटतं इथेच खरी अडचण आहे. खासगीपणा मागायचा, तर तो मागण्यासाठी थोडा मोडावा लागतो. किती मोडायचा?

आमच्या कामात एक पद्धत आहे: ज्याला कामासाठी जितका ॲक्सेस लागतो तितकाच द्यायचा. मी तिला तेच विचारत गेलो. सरांना वेळ आणि जागा कळायला हवी. आजाराचं नाव? मला आधी वाटलं नको. पण लहान गावात मोघम शब्द जास्त घातक ठरतो. ‘तब्येतीचं कारण’ म्हटलं की लोक टीबीपासून दिवस गेल्यापर्यंत सगळं कल्पून घेतात. नाव सांगितलेलं बरं. ‘टाइप १’ हेही सांगावं, कारण नुसतं ‘शुगर’ म्हटलं की गोड कमी खा, चालायला जा, कारल्याचा रस घे, असे सल्ले सुरू होतात. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. कारल्याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र तीन महिन्यांची सरासरी किती, डोस किती, घरात आणखी कुणाला आहे का, यातलं काहीही सरांचं काम नाही.

आणि एका माणसाला सरांपेक्षा जास्त कळायला हवं. आकडा ७० च्या खाली गेला की साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते: तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. तेवढा वेळ तिनं रोकड मोजू नये. ५४ च्या खाली डोकंच नीट चालत नाही. माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून भांडतो. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ज्या वेळी मदत लागते, नेमकं त्याच वेळी ती मागता येत नाही, असा हा आजार आहे. म्हणून खासगी म्हणजे गुप्त नव्हे. तो एक माणूस कोण, हे मात्र तिनं निवडायचं.

कायदा बघितला तर तो मध्येच संपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे, पण त्याच्या २१ प्रकारांच्या यादीत थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, डायबिटीस नाही. सीबीएसईनं २०१७ मध्ये डायबिटीस असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याच्या गोष्टी जवळ ठेवायची परवानगी दिली. म्हणजे दहावीचा पेपर लिहिताना जे लेखी मिळतं, ते नोकरीला लागल्यावर सरांच्या स्वभावावर येतं. कदाचित माफी तिथूनच आली असेल. हक्क नसला की माणूस आर्जव करतो.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘सर, मला टाइप १ डायबिटीस आहे. दिवसातून तीनदा, प्रत्येकी तीन मिनिटं, रक्तातली साखर तपासावी लागते. मागच्या रेकॉर्ड रूममधलं टेबल वापरू का? साखर कमी निघाली तर पंधरा-वीस मिनिटं कॅशला बसणार नाही, तेवढा वेळ कुणाला बसवायचं ते आधी ठरवू या. ही माहिती शाखेत तुमच्याशिवाय मी स्वतः एकाच व्यक्तीला सांगणार आहे.’

सरांचं उत्तर दुपारी आलं. टेबल चालेल, पण कॅशला बदली माणूस द्यायला शाखेत चारच जण आहेत, सोमवारी बाजाराच्या गर्दीत काय करायचं? प्रश्न रास्त होता. चार माणसांत एक वीस मिनिटं उठला तर रांग थांबते, आणि रांगेतल्या म्हातारीचा वेळही वेळच आहे. त्यांनी मिळून ठरवलं ते असं: सोमवारी ती अकराला एकदा जास्त तपासते. उतरती कळा आधी कळली तर दोन घोट साखरपाण्यावर भागतं, उठावं लागत नाही. तरीही उठावं लागलंच तर सर स्वतः कॅशला बसतात.

तिनं निवडलेला माणूस म्हणजे शाखेतल्या शिपाई मावशी. त्यांनी रेकॉर्ड रूमच्या कपाटात साखरेची बरणी ठेवली आहे, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ती पाण्याच्या ताटलीत उभी असते.