तब्येतीचा राजीनामा

खासगी नोकरीत राजीनाम्याचे कारण म्हणून ‘वैयक्तिक अडचणीमुळे’ एवढेच लिहायची रीत पडून गेली आहे. दुसरीकडे जास्त पगार मिळालेला माणूस हेच लिहितो, साहेबाशी न पटणारा हेच लिहितो, आणि मणक्याच्या दुखण्याने पाळीभर उभे राहता न येणाराही हेच लिहितो. पहिल्या दोघांचे त्यात काही बिघडत नाही, तिसऱ्याचे बिघडते. आजारामुळे नोकरी सोडणाऱ्याला कायद्याने दिलेल्या काही सवलती नोकरी सुटण्याच्या कारणावरच उभ्या असतात. कागदावर ते कारण नसेल तर सहा महिन्यांनी तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. तब्येतीमुळे नोकरी सोडत असाल तर तसे स्पष्ट लिहा, पण आजाराचे नाव लिहिण्याची गरज नाही. आजार तुमचा आहे. कंपनीला कळायला हवे ते एवढेच, की हे काम या शरीराला कोणत्या तारखेनंतर झेपणार नाही.

उदाहरण म्हणून एक प्रकरण घेऊ. ते रचलेले आहे, पण चाकणच्या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक क्वालिटी सुपरवायझर आहे. नोकरीला चार वर्षे आणि दोन महिने झाले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये. आठ तासांची पाळी शॉप फ्लोअरवर उभ्याने, मधूनमधून पार्ट उचलून तपासायचे. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली आहे आणि उजव्या पायात जोर राहिलेला नाही. नेमणूकपत्रात नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. डॉक्टर म्हणतात, असेच चालू ठेवलेत तर पाय आणखी अधू होईल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. राजीनामा देणे हा हक्क आहे आणि लवकर मोकळे करा म्हणणे ही विनंती आहे. अंगमेहनतीचा किंवा वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, ही भूमिका १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. म्हणजे ‘दोन महिने कामावर याच’ असा हुकूम कंपनीला कोर्टाकडूनही मिळायचा नाही. कंपनी मागू शकते ते पैसे, म्हणजे न भरलेल्या नोटिशीचा करारात ठरलेला पगार. शिवाय तिच्या हातात रिलीव्हिंग लेटर असते आणि माणूस घाबरतो तो त्यालाच, कारण पुढची नोकरी ते पत्र मागते. म्हणून कामावर येणे एकदम बंद करणे हा सर्वांत वाईट मार्ग. गैरहजेरीची पत्रे घरी येऊ लागतात आणि आजारी माणूस कागदोपत्री पळून गेलेला ठरतो.

आता डॉक्टरांच्या कागदाकडे येऊ. बहुतेक प्रकरणे इथेच अडतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत वैद्यकीय प्रमाणपत्राचा एक नमुना दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही, आजार, किती दिवस कामावरून दूर राहणे आवश्यक आणि कोणत्या तारखेपासून, असे रकाने आहेत. हा नमुना रजेसाठी आहे. आपला सुपरवायझर दवाखान्यात जाऊन नुसते ‘सर्टिफिकेट द्या’ म्हणाला तर त्याला तोच मिळणार: ‘१५ दिवस विश्रांतीची आवश्यकता’. तो कागद राजीनाम्याला जोडला की एचआरचे उत्तर ठरलेले असते. १५ दिवस रजा घ्या, मग येऊन उरलेली नोटीस पूर्ण करा. त्यात एचआरचा दोष नाही. कागदावर लिहिलेले ते वाचतात.

राजीनाम्याला जोडायच्या कागदात वेगळा मजकूर लागतो. डॉक्टरांना कामाचे स्वरूप नीट सांगावे: किती तास उभे राहावे लागते, किती किलो उचलावे लागते, बसने जाऊन येऊन किती वेळ जातो. मग त्यांना अशा अर्थाचे लिहिण्याची विनंती करावी: ‘हे रुग्ण अमुक तारखेपासून माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांच्या सध्याच्या प्रकृतीत सलग अर्ध्या तासाहून अधिक उभे राहणे आणि वजन उचलणे योग्य नाही. शॉप फ्लोअरवरचे सध्याचे काम ते अमुक तारखेनंतर करू शकणार नाहीत. बसून करण्याच्या हलक्या कामास हरकत नाही.’ खाली तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. रोगाचे नाव, एमआरआयचा अहवाल, औषधांची यादी यांतले काहीही जोडायचे कारण नाही. कंपनीला शंका असेल तर तिने आपल्या कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे. त्याला जरूर तयार व्हावे आणि रिपोर्ट त्या डॉक्टरांनाच दाखवावेत. एचआरच्या ई-मेलला जोडलेली फाइल पुढे किती जणांकडे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

हलक्या कामाला हरकत नाही, हे वाक्य मुद्दाम घातले आहे. खरे असेल तर ते लिहिलेच पाहिजे. त्यावर कंपनीने डॉक्युमेंटेशनचे बसून करायचे काम देऊ केले तर कदाचित राजीनाम्याची गरजच उरणार नाही. आणि दोन महिन्यांनी या माणसाने दुसरीकडे टेबलावरची नोकरी धरली तरी त्याच्यावर कोणी खोटेपणाचा आरोप करू शकणार नाही. याउलट, दया यावी म्हणून ‘संपूर्ण विश्रांती’ लिहून घेतली आणि त्याच काळात नवी नोकरी सुरू केली, तर तो कागद त्याच्यावरच उलटतो.

राजीनाम्याचे पत्र पाच-सहा वाक्यांत बसते. पण त्यात ‘लवकर सोडावे ही विनंती’ एवढ्यावर थांबू नये, हिशेब मांडावा. समजा, नोटीस ६० दिवसांची आहे. डॉक्टरांच्या मते आणखी १५ दिवस, बसून, काम झेपेल. त्या दिवसांत तो हँडओव्हर देईल: कोणत्या पार्टच्या तक्रारी उघड्या आहेत, कोणत्या गेजचे कॅलिब्रेशन येत्या महिन्यात आहे, ग्राहकाचे ऑडिट कधी आहे. २० दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे, ती नोटिशीत वळती करावी. उरले २५ दिवस. ते वैद्यकीय कारणास्तव माफ करावेत आणि ते शक्य नसेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या प्रमाणात वसूल करावेत, असे पत्रातच लिहावे. २६,००० च्या हिशेबाने २५ दिवसांचे साधारण २१,७०० रुपये होतात. समोरच्या माणसाला आता ‘हो की नाही’ ठरवायचे नसते, दोन मार्गांपैकी एक निवडायचा असतो. अशा वेळी मॅनेजर वरच्याशी बोलायला तयार होतो. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. कोणी लावला तर ते दाखवावे.

पत्र स्वीकारल्याचा ई-मेल आला की तीन गोष्टी तपासाव्यात: शेवटचा दिवस कोणता, उरलेल्या नोटिशीचे काय केले, आणि कारण काय लिहिले. अनेकदा प्रणालीत तयार असलेल्या मजकुरातून ‘वैयक्तिक कारण’ हेच शब्द येतात. त्याच दिवशी उत्तर द्यावे की, ‘राजीनामा जोडलेल्या प्रमाणपत्रानुसार प्रकृतीच्या कारणास्तव दिलेला आहे, तशी नोंद करावी.’

याचे मोल पैशांत किती ते पाहू. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे सलग नोकरी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही, हा अपवाद १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होता आणि त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवला आहे. १९७२ च्या कायद्याने अपंगत्वाचा अर्थही सांगितला होता: अपघातापूर्वी किंवा आजारापूर्वी माणूस जे काम करू शकत होता ते काम करायला तो असमर्थ होणे. अंथरुणाला खिळलेले असण्याची अट त्यात नाही. आपल्या सुपरवायझरची ग्रॅच्युइटी २६,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. चार वर्षांचे ६०,०००. ‘शॉप फ्लोअरचे काम करू शकणार नाहीत’ हे डॉक्टरांचे वाक्य इथे कामी येते. कंपनी वाद घालेल. दुखणे तात्पुरते आहे, तुम्ही स्वतःहून गेलात, असे म्हणेल, आणि महिन्याभरात बरे होणाऱ्या दुखण्याला हा दावा टिकणारही नाही. पण पायातला जोर गेलेल्या माणसाने अर्ज करायला हवा, आणि कंपनीने नाकारला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागायला हवी. ‘वैयक्तिक अडचण’ लिहून गेलेल्याला या वादात उतरायला जागाच राहत नाही.

प्रॉव्हिडंट फंडाचेही तसेच. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर आयकर लागतो, मात्र आजारपणामुळे नोकरी सुटली असेल तर लागत नाही. तेही कागदावरून सिद्ध करावे लागते.

लवकर सुटका नेहमीच फायद्याची असते असेही नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. मणक्याची शस्त्रक्रिया ठरण्याच्या बेतात असताना घाईने १५ दिवसांत मोकळे होणारा माणूस लाखांचा खर्च अंगावर घेतो. अशाने आधी रजा घ्यावी, गरज पडली तर बिनपगारी. विमा चालू असताना शस्त्रक्रिया उरकावी आणि मग शेवटची तारीख ठरवावी. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्जही नोकरीत असतानाच करावा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात ग्रुप पॉलिसीची वर्षे धरली जाण्याची सोय राहते.

सरकारी नोकरांसाठी मात्र हा सगळा रस्ताच वेगळा आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली असलेल्याने राजीनामा दिला तर मागची सेवा जप्त होते. आजारी पडलेल्या अशा कर्मचाऱ्याने राजीनाम्याचा शब्दही न काढता वैद्यकीय मंडळापुढे जाऊन रुग्णता निवृत्तिवेतन मागावे.

नोटीस पिरियड ठेवला तो काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवता यावे म्हणून. ज्याचा पाय उचलत नाही त्याला आणखी ४५ दिवस फ्लोअरवर उभे करून कंपनीला काय मिळते, हे प्रत्येक एचआर प्रमुखाने स्वतःला विचारावे. थकलेला, चिडलेला, चुका करणारा सुपरवायझर मिळतो, बाकी काही नाही. प्रकृतीच्या कारणाने येणाऱ्या राजीनाम्यासाठी दोन ओळींचा नियम कंपनीच्या धोरणात लिहून ठेवता येतो: प्रमाणपत्र मिळाल्यावर अमुक दिवसांत निर्णय, हँडओव्हर पूर्ण झाल्यावर उरलेली नोटीस माफ. असा नियम नसला की आजारी माणसाचे भवितव्य त्या दिवशीच्या मॅनेजरच्या मर्जीवर लटकते.

आणि तुमच्यापैकी जो कोणी उद्या असे पत्र लिहायला बसेल त्याला एवढेच सांगणे: आधी डॉक्टरांना तुमचे काम समजावून सांगा, मग पत्र लिहा, आणि त्यात आजारपणाचे कारण लपवू नका. ते लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि न लिहिण्याची किंमत तुमच्याच खिशातून जाते.