बारा गुंठे आणि एक नोटीस

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव. सातबाऱ्यावर आजही भात, हरभरा लागतो. पण पुनावळे, ताथवडे, वाकड ही पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतली गावे इथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि हिंजवडीचे आयटी पार्क तर शेजारीच. या भूगोलामुळे मारुंजीत एक गैरसमज पक्का रुजला आहे: शेतीला कर नाही, म्हणून शेत विकले तरी कर नाही. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा चूक. या चुकीची किंमत बऱ्याचदा घरातल्या अशा बाईच्या नावावर येते, जिने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नसते.

अशीच एक बाई इथे घेतो. तिला काकू म्हणू. अशा अनेकींचे कागद पाहून हे प्रकरण जुळवले आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत असे गोल घेतले आहेत. काकूंचे यजमान २०१७ साली गेले. बारा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर काकू, मुलगा आणि मुलगी अशी तिघांची वारसनोंद झाली, प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. मुलीने हक्कसोडपत्र करून दिले नाही, पुढच्या हिशेबात हे महत्त्वाचे ठरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांनी मिळून जमीन एका विकसकाला १ कोटी २० लाखांना दिली. ४०-४० लाख ज्याच्या त्याच्या खात्यात जमा झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये काकूंनी त्यातले २० लाख घालून मावळात शेतजमीन घेतली, स्वतःच्या नावावर. मुलाच्या नावावर घ्यावी असा धाकट्या दिरांचा आग्रह होता. "भावजी, पैसे माझ्या वाट्याचे, नाव पण माझंच लागू द्या," असे काकू तेव्हा म्हणाल्या. करसवलत म्हणतात ती काय हे त्यांना त्या वेळी माहीतही नव्हते.

मार्च २०२५ मध्ये नोटीस आली. आली म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवे. पोस्टमन काही घेऊन आला नाही. नोटीस आयकराच्या पोर्टलवर चढली आणि एका ईमेलवर गेली. तो ईमेल होता खरेदीखताच्या वेळी पॅनकार्ड काढून देणाऱ्या एजंटाचा. कायद्यानुसार नोंदवलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस ही बजावलेली नोटीस धरली जाते. एजंटाने ती नऊ दिवसांनी मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. उत्तराची मुदत त्या नऊ दिवसांनी आधीच कमी झाली होती. माझ्या मते अशा प्रकरणांत सगळ्यात मोठा धोका कराचा नसून हाच असतो: जमीन बाईच्या नावावर, पॅन बाईच्या नावावर, आणि ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर. म्हणून उत्तराची पहिली पायरी उत्तर लिहिण्याची नव्हतीच. काकूंनी पोर्टलवर स्वतःचा मोबाइल आणि मुलीचा ईमेल नोंदवून घेतला.

दुसरी पायरी नोटीस खरी आहे का हे पाहण्याची. आयकराच्या नावाने फसवणारे संदेश रोज फिरतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर डिन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो. www.incometax.gov.in वर लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून नोटीस पडताळता येते. काकूंची खरी निघाली.

मग ती वाचायची. नोटीस कलम १४८एखालची होती. याचा अर्थ कर लावला असा होत नाही. तुमचे उत्पन्न आकारणीतून सुटले असे आमच्याकडच्या माहितीवरून दिसते, तर प्रकरण का उघडू नये ते सांगा, एवढेच हे कलम विचारते. वर 'आकारणी वर्ष २०२२-२३' असे होते. मुलगा २०२२-२३ चे पासबुक घेऊन बसला आणि त्याला त्यात काहीच सापडेना. आकारणी वर्ष हे व्यवहाराच्या पुढचे वर्ष असते. शोधायचे होते ते १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२ चे पासबुक.

आणि रक्कम? नोटिशीत १ कोटी २० लाख. काकूंचा धीर खचला तो इथे. "माझ्याकडं तर चाळीसच आले," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांचे खरेच होते. ३० लाख किंवा त्याहून मोठ्या स्थावर व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालय आयकराला कळवते. एका दस्तात विकणारे तिघे असले, तर पूर्ण दस्ताची रक्कम एकाच्या पॅनवर दिसण्याचे प्रकार घडतात. पोर्टलवरचे एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडले तेव्हा तेच दिसले. त्या नोंदीसमोर 'Information is not fully correct' हा पर्याय निवडून काकूंनी आपला हिस्सा नोंदवला. सोबतच्या २६एएसमध्ये विकसकाने त्यांच्या नावावर कापून भरलेला १ टक्का टीडीएस, ४० हजार, दिसत होता. म्हणजे व्यवहार सरकारदरबारी दोन वाटांनी पोचला होता. तो नाकारण्यात काही अर्थ नव्हता. तो बरोबर मांडण्यात होता.

आता मूळ प्रश्न. शेतजमीन विकली तर कर का? आयकर कायद्यात ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण कोणती हे ग्रामपंचायतीवरून ठरत नाही. जवळच्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीपासूनच्या अंतरावरून ठरते, आणि ते अंतर रस्त्याने न मोजता हवाई रेषेने मोजतात. त्या शहराची लोकसंख्या १० हजारांहून जास्त आणि १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६, त्याच्या वर ८. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांच्या वर होती. मारुंजी त्या ८ किलोमीटरच्या आत येते. म्हणून महसूल खात्याला जे शेत, ते आयकराला शहरी मालमत्ता. दिरांनी तलाठ्याकडून 'जमीन शेतीची आहे' असा दाखला आणून ठेवला होता. तो खरा होता, पण या मुद्द्यावर निरुपयोगी. असा दाखला जोडून 'आम्हांला कर लागू नाही' एवढेच लिहून पाठवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची प्रकरणे तिथेच बिघडतात.

तोच सातबारा दुसऱ्या जागी मात्र फार कामाचा ठरला. कलम ५४बी सांगते की विकलेली जमीन विक्रीच्या आधीची दोन वर्षे तुम्ही कसत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढा नफा करातून सुटतो. कसत होतो हे सिद्ध कशाने करायचे? गाव नमुना बाराने, म्हणजे पीक पाहणीने. काकूंनी उतारे काढले. २०१९-२० ला भात, २०२१ च्या खरिपालाही भात, आणि मधल्या २०२०-२१ च्या रकान्यात 'पड'. कोरोनाच्या त्या वर्षी पाहणीला बांधावर कोणी आले नव्हते, असे काकू ठामपणे सांगत होत्या. पण सांगून भागत नाही. त्यांनी विकास सोसायटीच्या पीक कर्जाचा त्या वर्षीचा उतारा, बियाण्याची पावती आणि भात भरडल्याची गिरणीची पावती काढली. गव्हाच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या होत्या त्या. करसल्लागाराला पीक पाहणीचा रकाना वाचता येत नव्हता. खरीप कुठे, रब्बी कुठे, 'पड' म्हणजे काय, हे काकूंनी त्याला समजावले. उत्तराचा सगळ्यात भक्कम परिच्छेद त्यातून निघाला.

हिशेब असा झाला. विक्री ४० लाख. जमीन सासऱ्यांच्या काळापासूनची, त्यामुळे खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे मूल्य घेता येते, मात्र त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नाही. मूल्यांकनकाराने काकूंच्या हिश्श्याचे २ लाख धरले. महागाई निर्देशांक २००१-०२ चा १००, २०२१-२२ चा ३१७, म्हणून २ लाखांचे ६ लाख ३४ हजार झाले. वारशाने जमीन २०१७ ला आली तर निर्देशांकही तेव्हापासूनच धरावा, अशी खात्याची भूमिका असायची. मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शहा खटल्यात २०११ साली आधीच्या मालकाचा काळही धरायचा असे सांगितले. तो खटला बक्षिसाचा होता, पण वारशालाही तेच कलम लागते. नफा उरला ३३ लाख ६६ हजार. मावळच्या जमिनीचे २० लाख वजा, राहिले १३ लाख ६६ हजार. काकूंना दुसरे करपात्र उत्पन्न नव्हते, म्हणून अडीच लाखांची मूळ सूट यातूनच मिळाली. ११ लाख १६ हजारांवर २० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून २ लाख ३२ हजार १२८. टीडीएसचे ४० हजार वजा करून १ लाख ९२ हजार.

कर समजण्यासारखा होता. खरा चटका व्याजाचा होता. विवरणपत्र वेळेत न भरल्याचे दरमहा १ टक्का आणि आगाऊ कर न भरल्याचे दरमहा १ टक्का, ही दोन व्याजे तीन वर्षे शेजारी शेजारी चालत आली होती. ती मिळून सव्वा लाखाच्या पुढे गेली. जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरले असते तर यातले जवळजवळ काहीच लागले नसते.

उत्तर चार मुद्द्यांत गेले: विक्री केली हे मान्य; हिस्सा एक तृतीयांश, सोबत फेरफार, सूची क्रमांक दोन आणि पासबुक; जमीन ८ किलोमीटरच्या आतली, नफा करपात्र हेही मान्य; ५४बीची सवलत, सोबत पीक पाहणी, पावत्या आणि मावळचे खरेदीखत. उत्तर पोर्टलवरच द्यायचे असते आणि पोचपावती उतरवून ठेवायची असते. गेलेले नऊ दिवस भरून काढायला काकूंनी आधी मुदतवाढ मागितली होती, ती मिळाली.

प्रकरण उघडायचे नाही असे मात्र झाले नाही. नफा करपात्र आहे हे काकूंनीच मान्य केले होते. कलम १४८ची नोटीस आली. काकूंनी कर आणि व्याज भरले, मग आयुष्यातले पहिले विवरणपत्र, आयटीआर-२, भरले आणि आधारच्या ओटीपीने स्वतः पडताळले. हा ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. आकारणीचा आदेश लागल्यावर २७०एखाली दंडाची नोटीस येऊ शकते, कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के. आदेशातली सगळी रक्कम मुदतीत भरली आणि अपील केले नाही, तर त्यातून सूट मागता येते. त्यासाठी आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिन्यात अर्ज क्रमांक ६८ द्यावा लागतो. ही तारीख चुकली की सूट गेली. काकूंनी ती कॅलेंडरवर लिहिण्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

दरम्यान कागद लावताना काकूंच्याच लक्षात आले की याच दस्तात आणखी दोघांची नावे आहेत. मुलगा आणि मुलगी यांनीही चाळीस-चाळीस लाख घेतले होते, दोघांनीही विवरणपत्र भरले नव्हते, आणि दोघांनीही जमीन घेतली नव्हती. मुलगी चिंचवडला सासरी, पैसे घराच्या कर्जात गेलेले. दोघांना अजून नोटीस आली नव्हती, म्हणून अद्ययावत विवरणपत्राची वाट त्यांना मोकळी होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. आकारणी वर्ष २०२२-२३ साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत भरले तर कर आणि व्याजावर ६० टक्के जादा, त्यानंतर ७० टक्के. काकूंनी मुलीला फोन लावला आणि आधी एवढेच विचारले, पोर्टलवर ईमेल कुणाचा आहे?