पिशवीतला न्याय

1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी टेट्रिस रचला तेव्हापासून त्यात सातच आकाराचे ठोकळे आहेत, प्रत्येक चार चौकोनांचा. पुढचा ठोकळा कोणता, हे दर वेळी निव्वळ दैवावर सोडलं, तर प्रत्येकाची शक्यता एक सप्तमांश. वरवर पाहता याहून न्याय्य काही नाही.

पण खेळणाऱ्याची तक्रार ऐका. पट दहा रकान्यांचा, वीस ओळींचा. एकदम चार ओळी उडवायच्या म्हणून तो कडेचा एक रकाना मोकळा ठेवतो आणि सरळ, उभ्या दांडीची वाट पाहतो. दैवाला मागचं काही आठवत नाही. एक दांडी येऊन गेल्यावर पुढच्या 28 ठोकळ्यांत दुसरी न येणं साधारण 75 वेळांतून एकदा घडतं, आणि लांबलेल्या डावात तेवढ्या वेळा ती वाट पाहावीच लागते. 28 ठोकळे म्हणजे 112 चौकोन. उरलेल्या नऊ रकान्यांत बारा ओळींहून अधिक भर. त्याआधीच्या चार-पाच ओळी धरल्या तर पट छताजवळ पोचतो.

निन्टेन्डोच्या 1989 च्या टेट्रिसने यावर अर्धा उपाय केला: मागचाच ठोकळा निघाला तर एकदा पुन्हा निवड. त्याने लागोपाठची पुनरावृत्ती घटली, दांडीच्या दुष्काळाला मर्यादा मात्र पडली नाही.

पुढे रूढ झालेली पिशवी ती मर्यादा घालते. हाऊजीतला आकडा जसा पिशवीतून निघाला की परत जात नाही, तसेच सातही ठोकळे पिसायचे, एकेक काढायचे, पिशवी रिती झाली की नवी पिसायची. एका पिशवीत दांडी पहिली निघाली आणि पुढच्या पिशवीत शेवटची, हा सगळ्यात वाईट प्रसंग. मध्ये सहा आणि सहा, बारा ठोकळे. म्हणजे 48 चौकोन, नऊ रकान्यांत सव्वापाच ओळी. हे सोसता येतं. निव्वळ दैवाच्या खेळात याहून लांब वाट सुमारे सातांतून एकदा पाहावी लागते.

नागमोडी जोडीचंही तेच. गणितज्ञ हायडी बर्गील यांनी 1997 मध्ये सिद्ध केलं की डावे-उजवे नागमोडी ठोकळे आलटून-पालटून येतच राहिले, तर कितीही कुशल खेळाडू अखेर हरतो. निव्वळ दैवाच्या खेळात अशी रांग कधीतरी येणारच. पिशवीत एका सीमेवर दोन आणि दोन, चारांपुढे ती जाऊ शकत नाही.

याची किंमतही आहे. सहा ठोकळे मोजले की सातवा आधीच कळतो, आणि जाणकार त्यावर आखणी करतो. पण खेळणाऱ्याला हवं होतं ते हेच: आश्चर्य थोडं कमी झालं तरी चालेल, दुर्दैवाला छत हवं. पिशवी वेगाला आवर घालत नाही. ठोकळे भराभर पडू लागले की हात चुकतात. मग पट भरला, तर बोल दैवाला लावता येत नाही.