पासष्ट प्रश्नांपाशी

नीटचा निकाल लागला आहे. कुणी म्हणतं, लातूरला जाऊन रिपीटर बॅच लाव. कुणी म्हणतं, मिळेल तो प्रवेश घे. सगळ्यांना थोडा वेळ दाराबाहेर थांबू दे. निवांत बस. आज निर्णय घ्यायचा नाही, नुसतं पाहायचं आहे.

प्रश्नपत्रिका, ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची समोर घे. समजा, 720 पैकी 420 गुण पडले: 115 उत्तरं बरोबर, 40 चुकलेली, 25 प्रश्न सोडलेले. बरोबरला चार, चुकीला वजा एक. 460 मधून 40 गेले. एक वर्ष थांबायचं ते या पासष्ट प्रश्नांसाठी.

आता ते एकेक करून पुन्हा सोडव. घड्याळ लावू नकोस. चार दिवस लागले तर लागू देत. सहज सुटला, तो प्रश्न धांदलीचा. सुरुवात जमली पण मध्येच अडलं, तो अर्धवट. काय करायचं तेच सुचलं नाही, तो कोरा. प्रत्येकापुढे खूण कर.

खुणांकडे बघत राहा. धांदलीचे जास्त आहेत? चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की पाच गुण वाढतात, कारण वजा झालेला एकही परत येतो. असे वीस सुधारले तर शंभर गुण. पण धांदल पुस्तकं पुन्हा वाचून जात नाही. 180 मिनिटं लावून पेपर सोडवावे लागतात, प्रत्येक चूक तपासावी लागते. हे बीएस्सीला प्रवेश घेऊनही जमेल का? उत्तर लगेच देऊ नकोस.

कोरे जास्त आहेत? कोणत्या धड्यांतले, ते बघ. बहुतेक अकरावीच्या फिजिक्समधले, रोटेशन किंवा थर्मोडायनॅमिक्सचे असतील, तर वर्षाला खरं काम आहे. मात्र पहिले दोन महिने फक्त त्या धड्यांना दे. बॅच आपल्या वेगानं पुढे जाते; तुझ्यासाठी तिथे कुणी थांबेल का, हे फी भरण्याआधी विचार. दिवाळीच्या सुमारास त्याच धड्यांचे नवे प्रश्न सोडव. तेही कोरेच राहिले, तर तास वाढवू नकोस, शिकण्याची पद्धत बदल.

पुढच्या वर्षीही हुकलं तर कोणता प्रवेश घेणार, हे आजच घरच्यांशी बोलून ठेव. ते ठरलेलं नसलं की वर्षभर अभ्यासापेक्षा धास्तीच जास्त होते.

प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यासाठी नव्हे, स्वतःसाठी आज एक ओळ लिही: या वर्षात मी काय शिकणार? ओळीत धड्यांची नावं आली, तर थांबण्यात अर्थ आहे. नुसते गुणच आले, तर प्रवेशाचा अर्ज भर.