आधी गावांची हाक

भाचीचं भाषण तीन पानी होतं. अमेरिकेतल्या तिच्या गावच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम, आणि स्वागताची पाच मिनिटं तिच्या वाट्याला आली होती. तिनं मजकूर धाराशिवला माझ्याकडे पाठवला. ‘मामा, मराठी तेवढं तपासा, इंग्रजी मी बघते.’ मराठीत फार काही चुकलं नव्हतं. चुकली होती ती मांडणी. आधी एक मराठी वाक्य, लगेच तेच इंग्रजीत, पुन्हा मराठी, पुन्हा इंग्रजी.

व्यासपीठावर सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे पाच मिनिटांत साधारण सहाशे शब्द, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची तर सांगण्यासारखं उरतं निम्मं. वेळेपेक्षा मोठं नुकसान कानांचं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला सभागृहाला पद्धत कळते. मराठी जाणणारे इंग्रजी सुरू झालं की शेजाऱ्याशी बोलायला लागतात. मुलं आणि अमराठी जावई-सुना मराठी सुरू असताना फोनकडे वळतात. दोन्ही भाषा बोलल्या जातात, पण सगळे एका वेळी ऐकत नाहीत.

हे तिच्या एकटीपुरतं नाही. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. म्हणजे तिकडे आता आजी-आजोबा, आई-बाप आणि नातवंडं एकाच सभागृहात बसतात. तिन्ही पिढ्यांची मराठी वेगवेगळी.

मसुद्यात एक वाक्य होतं, ‘आम्ही सगळे एक कुटुंब आहोत.’ इंग्रजीतल्या ‘वी’मधून ते जसंच्या तसं आलेलं. ‘वी’मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे इंग्रजी सांगत नाही. मराठी सांगते. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहिला, ‘आपण’ म्हटलं की तो आत आला. यजमानांच्या बाजूनं बोलताना ‘आम्ही तुमचं स्वागत करतो’ हेच बरोबर. पण कुटुंबाच्या वाक्यात ‘आम्ही’ आलं की कार्यकारिणी एक कुटुंब आणि खुर्च्यांवर बसलेले पाहुणे, असा अर्थ होतो! तिथं मी ‘आपण’ केलं. भाची म्हणाली, तिथं जन्मलेली मुलं नेहमी इथंच अडतात.

मग मी तिला तुळजापूरचा गोंधळ आठवायला सांगितला. लहानपणी तिनं तो घरच्या लग्नानंतर पाहिलेला. चौक मांडतात, कलश बसवतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुणं सुरू होतं आणि गोंधळी आख्यानाआधी देवांना बोलावतो. नुसतं ‘सर्व देवांचं स्वागत’ म्हणत नाही. प्रत्येकाला त्याच्या गावासकट हाक मारतो : तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. यादीत कुणी राहून गेलं असेल म्हणून सरतेशेवटी राहिलेल्यांनाही बोलावणं असतं. गोंधळ्यानं या कामाला कधी ‘स्वागतपर मनोगत’ म्हटलं नाही, हे आपलं भाग्य.

त्या धर्तीवर भाषण नव्यानं बांधलं, आणि भाषा वाक्यावाक्याला न बदलता कामाप्रमाणे वाटून दिल्या. सुरुवातीचं मिनिट इंग्रजीत : आणीबाणीला बाहेर पडायचे दरवाजे कुठे, जेवण किती वाजता, आता मंचावर काय होणार. हे प्रत्येकाला कळायलाच हवं, आणि त्याचं मराठी करण्यात काही कमाई नाही. मग सलग तीन मिनिटं मराठी, त्यात गावांची हाक. गावाचं नाव मराठी न येणाऱ्या जावयालाही कळतं, बायकोचं माहेर असतं ना ते. शेवटच्या मिनिटात मराठी न येणाऱ्यांना सरळ उद्देशून इंग्रजी. आधीच्या मराठीचा अनुवाद नव्हे, त्यांच्यासाठीच लिहिलेलं. आणि अगदी शेवटी एक मराठी वाक्य : ज्यांच्या गावाचं नाव राहिलं, त्यांनी हात वर करून ते मोठ्यानं सांगावं.

यादीत आमच्या गावाशी गाडी अडली. धाराशिव म्हणायचं की उस्मानाबाद? जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं २०२३ मध्ये, आणि तिकडे गेलेले बरेच जण त्याच्या कितीतरी आधी गेलेले. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबादच. भाचीनं दोन्ही नावं घ्यायचं ठरवलं. एवढी एकच गोष्ट त्या भाषणात दोनदा सांगितली गेली.

कार्यक्रमानंतर तिचा फोन आला. मराठीच्या तीन मिनिटांत मुलं गप्प होती, आपल्या आजीचं गाव येतंय का याकडे कान लावून. पण कार्यक्रम उशिरा सुरू झाला, सूत्रसंचालकानं घड्याळ दाखवलं आणि हिनं घाईत शेवटचं वाक्य गाळलं. जेवणाच्या रांगेत एक आजोबा ताट घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. ‘सगळा महाराष्ट्र फिरलीस पोरी, तुझ्या शेजारचं सोलापूर कुठं गेलं?’