कोणी सांगितलं बेरीज चालते म्हणून?

पेनं खाली ठेवा, वह्या मिटा. आज नवीन काही शिकवणार नाही. चाचणीचे पेपर तपासून झालेत आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचून माझं डोकं उठलंय.

प्रश्न साधा होता. समीकरण y' = y². 1/(1−x) आणि 1/(2−x) ही दोन्ही त्याची सोल्यूशन्स आहेत हे दाखवा. मग y(0) = 3/2 असलेलं सोल्यूशन काढा आणि x = 1/2 ला त्याची किंमत सांगा. पहिला भाग बहुतेकांना आला. दुसऱ्या भागात मात्र अर्ध्या वर्गानं दिवे लावलेत. शून्याला पहिल्याची किंमत 1, दुसऱ्याची 1/2, बेरीज 3/2. झालं काम! ‘सुपरपोझिशननुसार’ असं लिहून त्याच्याखाली दोन-दोन रेघा मारल्यात आणि दोघांची बेरीज करून उत्तर दिलंय 8/3.

खरं उत्तर 6 आहे. निम्म्याहून कमी उत्तर लिहिलंत आणि वर त्याला रेघा मारल्यात!

मिळालेलं उत्तर समीकरणात परत घालून बघायचं, हे कुणालाच सुचलं नाही? एक मिनिटाचं काम होतं. आता माझ्यासमोर करा. तुमची बेरीज Y = y1 + y2. तिचा डेरिव्हेटिव्ह y1' + y2', म्हणजे y1² + y2². इथवर सगळं बरोबर आहे, कारण बेरजेचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हांची बेरीज, हे कुठल्याही समीकरणात खरंच असतं. आता उजवी बाजू. समीकरणाला हवाय Y², म्हणजे (y1 + y2)². आठवीत शिकलेलं सूत्र आठवतंय ना? y1² + 2·y1·y2 + y2². मधलं 2·y1·y2 तुमच्या डाव्या बाजूला कुठे आहे? नाहीच. शून्याला आकडे घाला. डावीकडे 1 + 1/4, म्हणजे 1.25. उजवीकडे 1.5 चा वर्ग, 2.25. फरक बरोबर 1, आणि 2 × 1 × 1/2 सुद्धा बरोबर 1. चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. दोन सोल्यूशन्स एकमेकांशी गुणली गेली, आणि त्या गुणाकाराचा हिशेब तुम्ही कुठेच ठेवला नाहीत.

खरं सोल्यूशन काढायला दोन ओळी पुरतात. dy/y² = dx, इंटिग्रेट करा, y = 1/(c − x) येतं. y(0) = 3/2, म्हणून c = 2/3. x = 1/2 ला छेदात उरतो 1/6, म्हणून किंमत 6. आणि थोडं पुढे जाऊन बघा. x जसजसा 2/3 च्या जवळ जातो तसं हे सोल्यूशन अनंताकडे पळतं, तिथेच संपतं. तुमची बेरीज त्याच 2/3 ला 3.75 एवढी किंमत दाखवत शांत उभी आहे. ती फुटते थेट x = 1 ला. म्हणजे थोडीफार दशांशाची चूक झाली, असं म्हणून सुटका नाही. जिथे सोल्यूशन अस्तित्वातच नाही, तिथे तुम्ही त्याची किंमत सांगताय.

आता माझ्या तोंडावर सांगाल, ‘सर, तुम्हीच तर शिकवलं होतं, दोन सोल्यूशन्सची बेरीज सोल्यूशन असते.’ मी शिकवलं होतं ते पूर्ण वाक्य होतं. तुम्ही त्याचा उत्तरार्ध पाठ केलात आणि पूर्वार्ध कँटीनमध्ये विसरून आलात. पूर्वार्ध असा: समीकरण लिनियर असेल आणि होमोजिनियस असेल, तर. दोन्ही अटी कशाला लागतात, ते सिद्धतेत एकेका ओळीवर दिसतं. पण सिद्धता पाच मार्कांची म्हणून घोकायची आणि अर्थ गुंडाळून ठेवायचा, ही तुमची रीत!

y'' + p(x)·y' + q(x)·y = 0 घ्या. y1 आणि y2 ही त्याची सोल्यूशन्स. Y = c1·y1 + c2·y2 डाव्या बाजूत घाला. Y'' म्हणजे c1·y1'' + c2·y2''. Y' चंही तसंच. आता p ला कंसात गुणा, q ला कंसात गुणा. p आणि q फक्त x वर अवलंबून आहेत. त्यांना समोर y1 आहे की Y आहे याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून कंस सरळ सुटतो. सगळी c1 ची पदं एकीकडे घ्या, c2 ची दुसरीकडे. मिळतं

c1·(y1'' + p·y1' + q·y1) + c2·(y2'' + p·y2' + q·y2)

पहिला कंस शून्य, दुसरा कंस शून्य. c1 गुणिले शून्य अधिक c2 गुणिले शून्य, शून्यच. संपली सिद्धता.

नीट बघा, दोन गोष्टी वापरल्या. एक, कुठलंही पद फुटताना y1 आणि y2 एकमेकांत अडकले नाहीत. ते शक्य झालं, कारण y, y', y'' प्रत्येक पदात एकेकटे आणि पहिल्याच घातात आहेत. ही लिनियर असण्याची अट. दोन, शेवटी उजवीकडे शून्य होता, म्हणून कितीही पट घेतली तरी तो शून्यच राहिला. ही होमोजिनियस असण्याची अट. y' = y² मध्ये पहिलीच अट मोडते, आणि मोडली की काय उरतं ते आताच पाहिलं.

दुसरी अट मोडली तर? काहींनी तिसऱ्या प्रश्नात तोही पराक्रम केलाय. y'' + y = 1. यात लिनियर नसण्यासारखं काही नाही. 1 + cos x हे सोल्यूशन आहे, 1 + sin x हेही आहे. बेरीज करा: 2 + cos x + sin x. समीकरणात घातलं की cos आणि sin कटतात आणि उरतात 2. हवा होता 1. दोघांनी आपापला 1 आणला, त्यांचे झाले दोन. पण इथली पडझड y' = y² सारखी नाही, हे समजून घ्या. दोघांची सरासरी घेतली तर चालते, कारण अर्धा अधिक अर्धा एक होतो. दोघांची वजाबाकी केली तर उजवीकडे शून्य येतो, आणि cos x − sin x हे y'' + y = 0 चं सोल्यूशन निघतं. म्हणूनच अशा समीकरणाचं जनरल सोल्यूशन लिहिताना एक पर्टिक्युलर सोल्यूशन अधिक होमोजिनियस समीकरणाचं जनरल सोल्यूशन असं लिहितो. तो काही पुस्तकवाल्याचा हट्ट नाही.

मागच्या बाकावर पुटपुट चाललीये ती ऐकू येते मला. ‘एक जोडी तपासून बघितली, चालली, मग सुपरपोझिशन लागू आहे.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला! (y')² = y² घ्या. e^x सोल्यूशन आहे, 2e^x आहे, बेरीज 3e^x तीही आहे. कुठल्याही सोल्यूशनला कुठल्याही संख्येनं गुणा, तरी चालेल, कारण दोन्ही बाजूंना त्या संख्येचा वर्ग बाहेर येतो. आता e^x आणि e^(−x) ही जोडी घ्या. दोन्ही सोल्यूशन्स आहेत. बेरजेचा डेरिव्हेटिव्ह e^x − e^(−x), त्याच्या वर्गात मधलं पद −2. बेरजेच्या स्वतःच्या वर्गात मधलं पद +2. दोन बाजूंत कायमचा 4 चा फरक, x काहीही असो. म्हणजे पटीत वाढवणं चालतं आणि बेरीज मात्र चालत नाही. सुपरपोझिशनला दोन्ही लागतात, आणि तेही प्रत्येक जोडीसाठी. एक जोडी चालली म्हणून नियम सिद्ध होत नाही. एक जोडी मोडली की मात्र तो मोडतो.

याच्या अगदी उलट मूर्खपणा करणारेही आहेत. x²·y'' + x·y' − y = 0 बघितलं, x² दिसला, की लिहून टाकलं ‘नॉनलिनियर’. घात y चा बघायचा असतो, x चा नाही! x आणि 1/x घालून बघा, दोन्ही सोल्यूशन्स आहेत, आणि c1·x + c2/x कुठल्याही c1, c2 ला चालतं. तुम्ही जिथे बेरीज चालते तिथे घाबरता आणि जिथे चालत नाही तिथे छाती काढून करता.

आणि हे फक्त कागदावरचं आहे असं समजू नका. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबक झुलवता, तेव्हा वहीत ‘कोन लहान ठेवला’ असं दरवर्षी एकमेकांचं बघून उतरवता. का लहान? लंबकाच्या समीकरणात θ नसतो, sin θ असतो. 2° चा sin 0.0349 आणि 4° चा 0.0698, जवळजवळ दुप्पट. म्हणून तिथे sin θ च्या जागी θ लिहून समीकरण लिनियर करता येतं आणि cos आणि sin ची बेरीज खुशाल लिहिता येते. पण 30° चा sin 0.5 आणि 60° चा 0.866. कोन दुप्पट केला, sin दुप्पट झाला नाही. तिथे बेरीज लिहिलीत तर लंबक तुमचं ऐकणार नाही.

आता उद्याचं काम. y'' = 6y² हे समीकरण घ्या. 1/x² हे त्याचं सोल्यूशन आहे हे आधी दाखवा. मग c/x² घालून सांगा, c च्या कोणत्या किंमतींना ते सोल्यूशन राहतं. मग 1/x² आणि 1/(x−1)² यांची बेरीज घाला, आणि दोन बाजूंतला फरक नेमका किती आहे ते लिहा. ‘बसत नाही’ एवढं लिहून चालणार नाही. उरलेलं पद मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आणि वार्षिक परीक्षेत c1·y1 + c2·y2 लिहिण्याआधी वरती एक ओळ हवी: समीकरण लिनियर आहे, होमोजिनियस आहे, आणि ते कशावरून. ती ओळ नसेल, तर खालचं उत्तर बरोबर असलं तरी मी मार्क देणार नाही. मग माझ्या केबिनबाहेर तोंड पाडून उभं राहू नका.

पेपर घेऊन जा. ज्यांनी 8/3 लिहिलंय, त्यांनी तो प्रश्न पहिल्यापासून परत सोडवून आणायचा.